झेरॉक्सवरचं १:५०

प्रमाण या घटकावरचा ठरलेला प्रश्न तुम्हाला पाठ असेल. नकाशाचे प्रमाण १:५०, नकाशावरील अंतर ६ सेमी, तर प्रत्यक्ष अंतर किती? मुलं सहाला पन्नासने गुणतात, ३०० सेमी म्हणजे ३ मीटर असं लिहितात आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतात. उत्तर बरोबर असतं, गुणही पूर्ण मिळतात. माझी तक्रार एवढीच आहे, की या उदाहरणातलं मोजण्याचं काम पुस्तकानेच करून ठेवलेलं असतं. कुठून कुठपर्यंत मोजायचं, पट्टी कशी धरायची, आणि मुळात कागदावर छापलेलं ते १:५० आपल्या हातातल्या कागदाला लागू आहे का, यातला एकही प्रश्न मुलांपुढे येत नाही.

आमच्याकडे हे तिन्ही प्रश्न एकाच कागदावरून आले. शाळेच्या आवारात नवीन स्वच्छतागृह मंजूर झालं होतं आणि त्याच्या आराखड्याची झेरॉक्स शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सगळ्यांनी पाहिली. आमची एक सहावीतली विद्यार्थिनी व्हीलचेअर वापरते. जुन्या स्वच्छतागृहाला तीन पायऱ्या आहेत, त्यामुळे तिची आई रोज मधल्या सुट्टीत शाळेत येते. नवीन आराखड्यात रॅम्प दाखवलेला होता, पण त्याच्या लांबीचा आकडा गायब होता. मापरेषा होती, दोन्ही टोकांचे बाण होते, आणि जिथे आकडा असायचा तिथे कागदाची घडी येऊन काळा पट्टा उमटला होता. बैठकीत त्या आईने विचारलं, "मॅडम, रॅम्प किती लांब आहे? उभा असला तर पोरगी एकटी चढणार नाही, मला यावंच लागंल." इंजिनिअर साहेब पुढच्या मंगळवारी जागेवर आखणी करायला येणार होते. एकदा जोतं बांधून झालं की रॅम्प लांबवायला जागा मिळेलच असं नाही. म्हणून प्रश्न त्याआधीच विचारायला हवा होता, आणि विचारण्याआधी आपल्याला काय हवंय ते माहीत हवं होतं.

मी तो कागद आठवीच्या वर्गात नेला. तुम्हाला असा कागद मिळाला तर त्याच्याशी कसं वागायचं, ते पुढे सांगते आहे.

पट्टी हातात घेण्याआधी कागद नीट वाचायचा. हरवलेलं माप पुष्कळदा त्याच कागदावर दुसरीकडे लपलेलं असतं. एका भिंतीवर चार तुकड्यांची मापं असतील, एकूण लांबी लिहिलेली असेल आणि तुकड्यांपैकी एकच पुसला गेला असेल, तर साधी वजाबाकी पुरते. वजाबाकीतून आलेलं उत्तर पट्टीने मोजलेल्या उत्तरापेक्षा कधीही चांगलं, कारण त्यात मोजण्याची चूक शिरतच नाही. आमच्या आराखड्यात रॅम्प खोलीच्या बाहेर भिंतीला लागून होता आणि त्याला सामावून घेणारं एकूण माप कुठेच नव्हतं. म्हणजे वजाबाकीचा रस्ता बंद. पण या वाचण्यातून उपयोगाच्या चार गोष्टी हाती आल्या. 'सर्व मापे मिमीमध्ये' अशी सूचना होती. 'प्रमाण १:५०' लिहिलेलं होतं. खोलीची आतली लांबी ६००० आणि आतली रुंदी ३६०० होती. आणि शेजारच्या उभ्या छेदात जोत्याची उंची ४५० दाखवली होती.

ही ४५०ची उंची महत्त्वाची. सार्वजनिक इमारतीतला रॅम्प १:१२पेक्षा जास्त चढाचा नसावा, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे १ मिमी वर जायला निदान १२ मिमी पुढे जायला हवं. ४५० मिमी चढायचं तर ४५० गुणिले १२, म्हणजे ५४०० मिमी, साडेपाच मीटरला जरा कमी. आता त्या आईच्या प्रश्नाला आकडा मिळाला. कागदावरचा रॅम्प ५४०० मिमी लांब आहे का? (इथे काही मुलं अडखळतात. एकाच कागदावर १:१२ आणि १:५० अशी दोन गुणोत्तरं. पहिलं रॅम्पच्या चढाचं, जमिनीवर खरोखर असणारं. दुसरं कागद आणि जमीन यांच्यातलं. फळ्यावर दोन्ही वेगवेगळ्या रंगात लिहा, बराच गोंधळ वाचतो.)

मग मोजणी. मुलांच्या कंपासमधल्या प्लास्टिकच्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी जागा असते, आणि लाकडी पट्टीचं टोक झिजलेलं असतं. म्हणून पट्टीचं टोक रेषेला लावायचं नाही. १० सेमीची खूण रेषेवर ठेवून पुढे मोजायचं आणि आलेल्या वाचनातून १० वजा करायचे. डोळा रेषेच्या बरोबर वर ठेवायचा. मिलिमीटरच्या दोन खुणांच्या मध्ये रेषा आली तर अर्धा मिमी धरायचा, त्याहून बारीक काही दिसतं असं सांगणाऱ्या मुलाचं कौतुक करू नका. रेषेचीच जाडी पाव मिमीच्या आसपास असते.

रॅम्प मोजला, ७६.५ मिमी आला. मुलांनी लगेच पन्नासने गुणलं, ३८२५ मिमी. एक-दोघांनी भागाकारही केला, पण दीड मिलिमीटरचा रॅम्प म्हटल्यावर वर्गच हसला, त्यामुळे तो मुद्दा मला समजावावा लागला नाही. ३८२५ मात्र कोणालाच हास्यास्पद वाटला नाही. पावणेचार मीटरचा रॅम्प असू शकतो. असे आखूड, उभे रॅम्प आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. ३८२५ भागिले ४५० म्हणजे साडेआठ. चढ १:८.५. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, लय उभा आहे. तक्रार करायला पाहिजे."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मी मुलांना सांगितलं, तक्रार करूच, पण आधी याच पट्टीने असं काहीतरी मोजा ज्याचं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत आहे. खोलीची आतली लांबी ६००० लिहिलेली आहे. १:५०ने ती कागदावर १२० मिमी भरायला हवी. मोजा.

ती ८५ मिमी भरली.

रुंदी ३६००. ती ७२ मिमी असायला हवी होती, भरली ५१.

वर्गात थोडा वेळ शांतता. मग एका मुलाने नेमका प्रश्न विचारला, "मग खोटं कोण बोलतंय, ६००० का १:५०?" दोन्हीपैकी कोणीच नाही. ६००० हे जमिनीवरचं माप, ते कागदाच्या आकारावर अवलंबून नाही. कागद लहान करा, मोठा करा, खोली सहा मीटरचीच राहते. १:५० मात्र एका ठराविक कागदावर काढलेल्या चित्राबद्दलचं विधान आहे. चित्र लहान झालं की विधान तेच छापलेलं राहतं, पण ते खरं उरत नाही. अक्षरं आपोआप बदलत नाहीत ना!

आमच्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मूळ कागदाचा आकार ए-३ असा लिहिलेला होता, आणि हातातला कागद होता ए-४. हे आकार तुम्ही वर्गात जरूर दाखवा, कारण ते स्वतःच गुणोत्तराचा उत्तम धडा आहेत. ए-३ म्हणजे ४२० बाय २९७ मिमी, आणि तो मधोमध दुमडला की ए-४, २९७ बाय २१०. क्षेत्रफळ निम्मं झालं, पण बाजू निम्मी झाली नाही. २१० भागिले २९७ केलं की ०.७०७ येतात. म्हणून झेरॉक्सच्या मशीनवर ए-३चं ए-४ करताना ७१ टक्के असा आकडा दिसतो. प्रत्येक रेषा ७१ टक्के झाली. १२० मिमीची ८५ झाली, ७२ची ५१. मशीनवाल्याने काही चुकीचं केलं नव्हतं, मोठा कागद नव्हता म्हणून त्याने मोठ्या मनाने सगळं चित्र छोट्या कागदात बसवून दिलं. संगणकावरून छापताना 'पानात बसवा' ही निवड चालू असली तरी हेच होतं, आणि तिथे तर किती टक्के झालं हे कळतही नाही.

मग आता आपल्या कागदाचं खरं प्रमाण काय? ६००० भागिले ८५, म्हणजे ७०.६. रुंदीवरून पाहिलं तर ३६०० भागिले ५१, तेही ७०.६. म्हणजे हा कागद १:५०चा राहिलेला नाही, तो साधारण १:७०.६चा झालाय. रॅम्पचे ७६.५ गुणिले ७०.६ केले की ५४०१ येतात. १:७०.६ असं प्रमाण कोणी ठरवून घेत नाही, त्यामुळे ते विचित्र दिसतं, पण काम तेवढंच चोख करतं.

खरं तर प्रमाणाचा आकडा काढायचीही गरज नाही. कागदावर रॅम्प ७६.५ आणि खोली ८५. जमिनीवर खोली ६०००. कागदावर रॅम्प खोलीच्या जितक्या पट, तितक्याच पट जमिनीवर.

७६.५ ÷ ८५ = ०.९
०.९ × ६००० = ५४००

रॅम्पची लांबी खोलीच्या नऊ दशांश, बस्स. कागद कितीही लहान-मोठा झाला तरी हे ०.९ हलत नाही, कारण खोली आणि रॅम्प दोघंही एकत्रच लहान होतात. मुलांना हा भाग मला फळ्यावर दोनदा करून दाखवावा लागला, आणि तरीही पटला तो कागदाच्या पट्टीने. एका कोऱ्या कागदाची पट्टी खोलीच्या आतल्या लांबीएवढी, ८५ मिमीची कापली. ही झाली सहा मीटर. मधोमध दुमडली, तीन-तीन मीटर. प्रत्येक अर्ध्याचे घडी घालून तीन भाग केले, की एकेक मीटरच्या सहा खुणा मिळाल्या. ही पट्टी रॅम्पवर ठेवली. पाच घरं पूर्ण, आणि सहाव्या घरात अर्ध्याच्या किंचित अलीकडे. एकाही मुलाने गुणाकार न करता "पाच पूर्णांक चार" असं वाचलं. भूगोलात ज्याला आपण रेषाप्रमाण म्हणतो ते हेच. नकाशाच्या खाली ती छोटी, घरं पाडलेली रेषा का छापतात, हेही यातून मुलांना कळलं. झेरॉक्स लहान केली की ती रेषाही नकाशाबरोबर लहान होते, म्हणून ती खरी राहते. आराखड्यावर रेषाप्रमाण असेल तर त्यावरच विश्वास ठेवा, अंकातल्या प्रमाणावर नको.

मी लांबी आणि रुंदी दोन्ही तपासायला लावल्या, त्याचं कारण सांगायला हवं. दोन्हींचं उत्तर ७०.६ आलं, म्हणून चित्र सगळीकडे सारखंच लहान झालंय असं म्हणता आलं. समजा लांबीवरून ७१ आणि रुंदीवरून ६६ आलं असतं, तर चित्र एका दिशेने ताणलं गेलंय. मग आडवी मापं आडव्या प्रमाणाने आणि उभी मापं उभ्या प्रमाणानेच काढावी लागतील. मोबाइलवर आलेल्या फोटोचं प्रिंट असेल तर प्रकरण आणखी अवघड. फोन जरा तिरका धरला तरी जवळची बाजू मोठी आणि लांबची बाजू लहान येते, म्हणजे कागदाच्या डाव्या बाजूचं प्रमाण उजव्या बाजूला चालत नाही. ते ओळखायचं कसं? ज्या दोन भिंती सारख्या लांबीच्या लिहिल्या आहेत त्या दोन्ही मोजायच्या. त्या कागदावर सारख्या भरल्या नाहीत, तर तो कागद मोजण्याच्या कामाचा नाही. आणि तपासणीसाठी नेहमी सर्वात मोठं लिहिलेलं माप घ्यावं. ८५ मिमीत अर्ध्या मिलिमीटरची चूक विशेष नाही. तीच चूक १० मिमीच्या मापात झाली तर प्रमाणच पाच टक्क्यांनी घसरतं.

वर्गात सगळ्यांचं उत्तर ५४०० आलं, असं समजू नका. पाच गट होते आणि पहिल्या फेरीत उत्तरं तीन प्रकारची आली. त्यातल्या एका गटाचा रॅम्प साधारण ५०१६ मिमी निघाला. त्यांचं गणित बरोबर, पट्टी बरोबर. त्यांनी खोली मोजताना भिंतीच्या बाहेरच्या रेषेपासून बाहेरच्या रेषेपर्यंत मोजली होती, ती ९१.५ मिमी भरली. पण ६०००ची मापरेषा भिंतीच्या आतल्या रेषांना टेकत होती. भिंत कागदावर दोन रेषांची असते हे आपल्याला सवयीने माहीत असतं, मुलांना नसतं. आमच्या भिंती २३० मिमीच्या होत्या, दोन्ही बाजूंच्या मिळून ४६० झाल्या. आतलं माप आणि बाहेरचं मोजमाप यांची जोडी लावली की प्रत्येक उत्तर सात टक्क्यांनी कमी येतं, आणि ते इतकं शहाण्यासारखं दिसतं की संशयही येत नाही.

दुसऱ्या एका गटाचा रॅम्प ६९०० मिमी आला, म्हणजे १:१२पेक्षाही सौम्य. ते खूश झाले. त्यांनी ९८ मिमीच्या जवळपास मोजलं होतं. रॅम्प वर संपतो तिथे दारापुढे एक सपाट ओटा होता, व्हीलचेअर थांबवून दार उघडता यावं म्हणून ठेवलेला, १५०० मिमीचा. त्यांनी तो ओटाही रॅम्पमध्ये धरला होता. वरून पाहिल्यावर दोन्ही सपाट चौकोनच दिसतात. रॅम्पवर चढाच्या दिशेचा एक बाण असतो आणि तो जिथे थांबतो तिथे एक बारीक आडवी रेष असते, रॅम्प तिथपर्यंतच. मापरेषेचा पुसट बाणही तिथेच टेकत होता. आकडा गेला तरी मापरेषा शिल्लक असेल तर ती फार मोलाची, कारण काय मोजायचं ते तीच सांगते. ती दोन टोकं सोडून आपल्या मनाने टोकं निवडली की आपण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर काढत बसतो.

एका मुलीची शंका चांगली होती. रॅम्प तिरपा असतो, मग वरून काढलेल्या चित्रात त्याची खरी लांबी कशी दिसेल? दिसत नाहीच. आराखड्यात दिसते ती जमिनीवरची आडवी लांबी. पण १:१२मधले बारा हेही आडवेच मोजतात, म्हणून आपल्याला हवी तीच लांबी मिळते. तिरपी लांबी हवी असेल तर पायथागोरस आहेच. ५४००चा वर्ग अधिक ४५०चा वर्ग, त्याचं वर्गमूळ साधारण ५४१९. फक्त १९ मिमी जास्त. मुलांना वाटतं त्यापेक्षा हा फरक खूपच कमी आहे.

आता या ५४००वर भरवसा किती ठेवायचा? आपली पट्टी अर्धा मिमी इकडेतिकडे होऊ शकते. कागदावरचा अर्धा मिमी जमिनीवर अर्धा गुणिले ७०.६, म्हणजे ३५ मिमी. खोली मोजतानाही तेवढीच गडबड होऊ शकते, म्हणून सावधपणे दुप्पट, ७० मिमी धरू. तर रॅम्प ५३३० ते ५४७० मिमीच्या दरम्यान कुठेतरी आहे. ४५०ने भागा. चढ १:११.८ ते १:१२.२. दोन्ही टोकांना तो बाराच्या जवळच राहतो, साडेआठच्या जवळपासही जात नाही. रेखाटणाऱ्याने १:१२ धरूनच रॅम्प काढला होता, हे आता ठामपणे म्हणता येतं. त्या आईला मी दुसऱ्या दिवशी तेवढंच सांगितलं: रॅम्प उभा नाही, आकड्यावर साहेबांची सही मंगळवारी घेऊ.

त्यावर तिने लगेच विचारलं, "आणि दार? खुर्ची जाईल ना?"

दाराचंही माप आराखड्यावर नव्हतं. तिथे फक्त 'डी-१' असं लिहिलेलं होतं. दार-खिडक्यांची मापं वेगळ्या तक्त्यात असतात आणि तो तक्ता आमच्याकडच्या पानावर नव्हता. मुलांना वाटलं, सोपं आहे, रॅम्पसारखंच मोजू. मोजलं, १४ मिमी. १४ गुणिले ७०.६, जवळजवळ ९९० मिमी. सूचनांप्रमाणे दाराची मोकळी रुंदी किमान ९०० हवी. मुलं म्हणाली, झालं, जाईल.

इथे मी त्यांना थांबवलं. तोच अर्धा मिलिमीटर, तेच ३५ मिमी. रॅम्पच्या ५४००मध्ये ३५ मिमी कुठल्या कुठे विरघळून गेले होते. दाराचा फैसला मात्र दोन-तीन सेंटीमीटरवरच होतो. शिवाय आपण मोजलं काय? भिंतीतली फट. तिच्यात दोन्ही बाजूंनी चौकट बसणार, आणि उरेल ती मोकळी रुंदी. चौकट किती जाडीची, हे या प्रमाणाच्या आराखड्यात दिसत नाही. दोन रेषा एकमेकींना चिकटून एक जाड रेघ झालेली असते. म्हणजे फट ९५५ ते १०२५च्या मध्ये कुठेही, त्यातून चौकटीची माहीत नसलेली जाडी वजा. उत्तर ९००च्या वर आहे की खाली, हे या कागदावरून काढता येत नाही. कितीही काळजीपूर्वक मोजा, नाही येत. पट्टीवर भिंग धरलं तरी रेषेची जाडी आणि झेरॉक्सची फसफस तिथेच राहते.

आराखड्याच्या तळाशी बहुतेक वेळा एक सूचना असते, लिहिलेली मापेच ग्राह्य धरावीत, चित्रावर मोजून माप घेऊ नये. आमच्याही कागदावर होती. ती पाहून एका मुलाने मला अडवलंही होतं, "मॅडम, मोजू नका म्हणून लिहिलंय की!" बांधणाऱ्यासाठी ती सूचना अगदी योग्य आहे. गवंड्याने पट्टीने मोजून भिंत उभी करू नये. आपण मोजतो ते बांधायला नाही, विचारायला. म्हणून मुलांनी जे पत्र लिहिलं त्यात रॅम्पसाठी 'मोजून सुमारे ५४०० मिमी येते, कृपया खात्री करावी' असं होतं, आणि दारासाठी आकडाच नव्हता. तिथे प्रश्न होता: चौकट बसवल्यावर डी-१ या दाराची मोकळी रुंदी किती राहील?

मंगळवारी साहेबांनी मूळ ए-३ आराखडा आणला. रॅम्पच्या मापरेषेवर ५४०० स्पष्ट होतं. त्यांनी आमच्या झेरॉक्सवरच्या काळ्या पट्ट्याशेजारी पेनाने तेच लिहून सही केली. मग दाराचा तक्ता काढला. डी-१ची भिंतीतली फट १०००, चौकट दोन्ही बाजूंना ६०-६०, उरतात ८८०. नियमाला वीस मिलिमीटर कमी. साहेब थोडा वेळ गप्प बसले, मग तक्त्यात १०००वर काट मारून ११०० केलं आणि तिथेही सही केली. दार मोठं झाल्याने शेजारची भिंत तेवढी आखूड होणार होती, त्याला त्यांची हरकत नव्हती. चित्र मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही. कोणीच काढत नाही, आकडा बदलतात.

त्यामुळे आमच्या फाइलमधल्या त्या झेरॉक्सवर दार अजूनही १४ मिमीचंच आहे. बाजूला जोडलेल्या तक्त्यात ११०० लिहिलंय, मोजून ९९० येतात, आणि खोलीची लांबी-रुंदी मात्र बरोबर जुळते. यंदाच्या आठवीला मी तोच कागद देणार आहे आणि विचारणार आहे, की ११०० आणि ९९० यांतलं गवंड्याने कोणतं धरलं असेल. उत्तर तपासायला फार लांब जावं लागणार नाही. दार आता उभं आहे, टेप घेऊन अंगण ओलांडलं की झालं.